दहा जुलैच्या आत: तोरिनोजवळच्या एका 'निदो'ची नोटीस मराठीत आणताना

पार्श्वभूमी

उत्तर इटलीत तोरिनो शहराला लागून असलेल्या एका गावात नगरपालिकेचं 'असिलो निदो' आहे. निदो म्हणजे घरटं. तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं तिथे दिवसभर असतात, तीन वर्षांनंतर ती बालशाळेत जातात. तोरिनो हे मोटारींचं गाव आणि पुणेही, त्यामुळे पुण्याच्या वाहन उद्योगातली माणसं दोन-तीन वर्षांसाठी इकडे येत असतात. अशाच एका कुटुंबाच्या मुलाला सप्टेंबरपासून या निदोत जागा मिळाली होती. वडील इंजिनिअर, कामापुरतं इंग्रजी चांगलं. आई सातारा जिल्ह्यातली, मराठीतून पदवीधर. बाळंतपण माहेरी झालेलं, आणि मुलाच्या सगळ्या लसी तिथल्या सरकारी उपकेंद्रातच टोचलेल्या.

मी इथे शाळा आणि दवाखान्यांसाठी दुभाष्याचं काम करते. जूनच्या सुरुवातीला निदोच्या समन्वयक बाईंनी दोन पानी नोटीस पाठवली: नव्याने दाखल होणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी लसीकरण, जेवण आणि मुलाला घरी नेण्याचे नियम. सोबत जेवणाच्या पर्यायांचा एक फॉर्म आणि घरी नेण्याच्या अधिकाराचा एक फॉर्म. मराठी बोलणारी आणखी दोन कुटुंबं प्रतीक्षायादीत होती, म्हणून हिंदी किंवा इंग्रजीवर न भागवता मराठीच हवी, असं त्यांनीच सांगितलं. माझ्या हातात चार दिवस होते.

अडचण

नोटीस माझ्या हातात पडण्याआधीच त्या कुटुंबात घबराट होती. वडिलांच्या एका इटालियन सहकाऱ्याने पहिला परिच्छेद वाचून तोंडी सांगितलं होतं, 'दहा जुलैपर्यंत दहाही लसी झालेल्या हव्यात, नाहीतर जागा जाईल.' आईकडे असलेल्या, मुलाच्या लसींची नोंद असलेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर दहातल्या दोन लसी दिसत नव्हत्या. आईने मुलाला घेऊन साताऱ्याला जावं, लसी पूर्ण करून परत यावं, असा बेत ठरत होता. तिकिटांचे दरही बघून झाले होते.

सहकाऱ्याने सांगितलं ते अर्धं खरं होतं. इटलीत 2017 च्या कायदा क्रमांक 119 नुसार मुलांना दहा रोगांवरच्या लसी सक्तीच्या आहेत: पोलिओ, घटसर्प, धनुर्वात, हिपॅटायटिस बी, डांग्या खोकला, हिब जिवाणूचा संसर्ग, गोवर, रुबेला, गालगुंड आणि कांजिण्या. (कांजिण्यांची सक्ती 2017 पासून जन्मलेल्या मुलांना आहे.) सहा वर्षांच्या पुढच्या मुलांनी त्या घेतल्या नाहीत तर आईवडिलांना 100 ते 500 युरो दंड होतो, पण मूल शाळेत जाऊ शकतं. निदो आणि बालशाळेत तसं नाही. तिथे कागदपत्रं नसतील तर प्रवेशच जातो. मोठी मुलं असलेले शेजारी 'दंड भरला की झालं' म्हणतात ते त्यांच्यापुरतं बरोबर असतं, आणि लहान मुलाच्या आईने ते ऐकलं तर ती फसते.

नोटिशीतलं ते वाक्य कायद्यातूनच जवळजवळ जसंच्या तसं उचललेलं होतं. त्याचा सांगाडा असा: पालकांनी 10 जुलैपर्यंत सक्तीच्या लसी घेतल्याचं कागदपत्र द्यावं, 'ओव्वेरो' त्यातून सूट, वगळणूक किंवा लांबणीवर टाकल्याचं कागदपत्र द्यावं, किंवा स्थानिक आरोग्य केंद्राकडे लसीकरणासाठी केलेल्या रीतसर अर्जाचं कागदपत्र द्यावं. 'ओव्वेरो' हा शब्द फार फसवा आहे. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ 'म्हणजेच' असा होतो, कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा 'किंवा'. 'म्हणजेच' असं वाचलं की पहिला आणि दुसरा पर्याय एकमेकांत विरघळतात. आणि वाक्य इतकं लांब की तिसरा पर्याय, अर्ज केल्याचा, वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतोच. या कुटुंबाला तोच लागू होता.

शब्दांपलीकडे आणखी एक अडचण होती, आणि ती नोटिशीत कुठेच लिहिलेली नव्हती. शाळा मुलांची यादी आरोग्य केंद्राकडे पाठवते, आरोग्य केंद्र आपल्या लसीकरण नोंदवहीत बघून कोणाच्या लसी अपुऱ्या आहेत ते परत कळवतं. या मुलाच्या सगळ्या लसी भारतात झालेल्या. इटलीच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे एकही नोंद नव्हती. म्हणजे कागदोपत्री त्याला दोनच नव्हे, दहाही लसी मिळालेल्या नव्हत्या. त्याच्या बाबतीत पहिलं काम टोचण्याचं नव्हतं, झालेल्या लसी नोंदवून घेण्याचं होतं.

समोरचे पर्याय

नोटीस जशी आहे तशी, वाक्यामागे वाक्य मराठीत उतरवणं हा सरळ मार्ग होता. तो माझ्या कामाच्या नियमात बसणारा होता, पण त्यातून आईला तिच्या मुलासाठी काय करायचं हे कळलं नसतं. दुसरा मार्ग म्हणजे नोटीस सोडून मराठीत सोपं माहितीपत्रक लिहायचं. ते वाचायला सुखाचं झालं असतं, पण निदोत वाद झाला असता तर ते पत्रक कशाचा अनुवाद आहे हे कोणालाच दाखवता आलं नसतं. समन्वयक बाईंना मराठी येत नाही. मी काय घातलं आणि काय वगळलं हे त्यांना तपासताच आलं नसतं.

मी तिसरा मार्ग घेतला. पानाच्या डावीकडे मूळ इटालियन, उजवीकडे त्याच ओळीला मराठी, म्हणजे निदोतल्या बाई बोट ठेवतील तिथेच आईलाही वाचता येईल. मूळ नोटिशीत नसलेलं काहीही मराठी स्तंभात घालायचं नाही. जे सांगणं भाग आहे ते खाली चौकटीत, 'ही टीप मूळ नोटिशीत नाही' असं लिहून, आणि त्या टिपांचा इटालियन मजकूर समन्वयक बाईंना दाखवून, त्यांची संमती घेऊन.

काय केलं: नाव आणि लसी

पहिला प्रश्न नावाचाच आला. निदोला मराठीत 'पाळणाघर' म्हणावं, हे सहज सुचतं. मी तसं लिहिलं आणि मग खोडलं. आपल्याकडचं पाळणाघर म्हणजे बहुतेक वेळा ओळखीच्या काकूंचं घर. डबा घरचा देता येतो, अर्धा तास उशीर झाला तर काकू सांभाळतात, बाबांऐवजी मामा आला तरी मूल हातात देतात. या नोटिशीतले जेवणाचे आणि घरी नेण्याचे नियम नेमके याच्या उलट आहेत. शब्द पाळणाघर ठेवला असता तर वाचणाऱ्या आईने प्रत्येक नियम त्या ओळखीच्या चित्रात बसवून सैल केला असता. म्हणून 'निदो' हाच शब्द ठेवला आणि पहिल्या ओळीत तो काय आहे ते सांगितलं.

लसींच्या परिच्छेदातलं ते लांब वाक्य मी तोडलं. मराठीत असं झालं: '10 जुलैपर्यंत पुढीलपैकी कोणतंही एक कागदपत्र द्यावं', आणि खाली (अ), (आ), (इ). आशय तोच, रचना वेगळी. समन्वयक बाईंना मी इटालियनमध्ये विचारलं, 'हे तीन वेगवेगळे पर्याय आहेत, यातला एक पुरे, बरोबर?' त्यांनी आरोग्य केंद्राला फोन करून खात्री केली. कायद्यातल्या शब्दाचा अर्थ मला माहीत होता, तरी तो निदोच्या तोंडून आलेला हवा होता, कारण नियम त्यांचा आहे.

रोगांची नावं मराठीतच दिली आणि लसींची व्यापारी किंवा संक्षिप्त नावं टाळली. कारण सांगते. इटलीत सहा रोगांवरची एकत्र लस देतात, तिचं नाव 'एसाव्हालेन्ते'. आईच्या कार्डावर 'पेंटाव्हॅलंट' होतं. सहा आणि पाच असा हिशेब करून आईने एक लस कमी आहे असं समजून घेतलं होतं. पण भारतात पोलिओची लस वेगळी देतात. पेंटाव्हॅलंटमधले पाच रोग आणि पोलिओ मिळून तेच सहा होतात. हे लसींच्या नावांवरून कळत नाही, रोगांच्या नावांवरून लगेच कळतं.

खरी तूट होती ती उरलेल्या चारांत. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस देतात, तिच्यात गालगुंड नसतं, आणि कांजिण्यांची लस त्या कार्यक्रमात नाही. खासगी डॉक्टरांकडे या दोन्ही मिळतात, पण हे मूल उपकेंद्रात जात होतं. नोटिशीत 'पारोतीते' हा शब्द होता. तो 'कानाजवळच्या ग्रंथींचा दाह' असा लिहिला तर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर, पण 'गालगुंड' वाचल्याबरोबर आई म्हणाली, 'ताई, हे तर माझ्या भावाला झालं होतं. याची लस असते?'

टिपेत मी एवढंच लिहिलं: मुलाच्या लसी इटलीबाहेर झाल्या असतील तर आधी कार्ड घेऊन आरोग्य केंद्राच्या लसीकरण विभागात जा आणि झालेल्या लसींची नोंद करून घ्या.

मग उलट दिशेचं काम आलं. माता-बाल संरक्षण कार्ड इटालियनमध्ये आणायचं. एका पानाचा तक्ता केला: तारीख, कार्डावरचं लसीचं नाव, कोणते रोग, बाळाचं वय. इटलीच्या यादीत नसलेली बीसीजी आणि जन्माच्या वेळचा पोलिओ डोसही ठेवले. कार्डावरचं काय महत्त्वाचं हे ठरवणं डॉक्टरांचं काम. न्यायालयात शपथेवर केलेला अनुवाद लागेल का, हे आधी फोन करून विचारलं. अशा अनुवादाला दर चार पानांमागे 16 युरोंचा मुद्रांक लागतो आणि न्यायालयाची फेरी वेगळी. इथे साधा अनुवाद आणि मूळ कार्ड चालेल असं सांगितलं गेलं. दुसऱ्या केंद्रात दुसरं उत्तर मिळू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय मी कधीच गृहीत धरत नाही.

काय केलं: जेवण

फॉर्मवर चौकटी होत्या: डुकराचं मांस नको, गोमांस नको, मांस नको, मांस आणि मासे नको. धार्मिक किंवा नैतिक कारणासाठी पालकांची सही पुरते, ॲलर्जी असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. शब्दश: सगळं सोपं. मी अनुवाद आईला वाचायला दिला आणि काही न सांगता फॉर्म भरायला सांगितलं. तिने 'मांस नको' वर खूण केली.

मी विचारलं, 'मग मासे चालतील ना?'

'मांस नको म्हटल्यावर मासे कसे येतील?'

मराठी घरात मासे मांसाहारातच मोडतात. इटालियन फॉर्मवर ते वेगळे, आणि निदोच्या जेवणात मासे नेमाने असतात. या एका खुणेने मुलाच्या ताटात कॉड आला असता. मी चौथ्या पर्यायाच्या मराठीत फरक केला नाही, तिसऱ्यात केला: 'मांस नको (मासे दिले जातील)'. कंसातले शब्द मुळात नव्हते, पण अर्थ तोच होता, आणि तसं मी समन्वयक बाईंना दाखवून घेतलं.

अंड्याचा उल्लेखच फॉर्मवर नव्हता. या घरात अंडं चालत होतं, पण यादीतल्या दुसऱ्या कुटुंबाला चालणार नव्हतं. निदोकडून कळलं की अंडं नको असेल तर 'इतर' या ओळीत लिहायचं. ते टिपेत गेलं. पार्मिजानो चीज मात्र मी टिपेत घातलं नाही. त्यात दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात आणि इटालियन लहान मुलांच्या पास्त्यावर ते भुरभुरलेलं असतंच. कोणाला ते चालतं हा घराघरातला प्रश्न आहे. तो नोटिशीखाली छापणं म्हणजे मी माझ्या मताने शाकाहाराची व्याख्या करण्यासारखं झालं असतं. आईला मी तोंडी सांगितलं. तिने दोन मिनिटं विचार करून चालेल म्हटलं. तरीही हा निर्णय मला अजून पूर्ण पटलेला नाही.

'दिएता इन बियांको' हा शब्दप्रयोग मात्र मला मनापासून आवडतो. शब्दश: 'पांढऱ्यातला आहार'. पोट बिघडलेल्या मुलाला पालकांच्या सांगण्यावरून दोन-तीन दिवस देतात तो साधा भात किंवा पास्ता, वर थोडं ऑलिव्ह तेल, सोबत उकडलेलं काहीतरी. 'पांढरा आहार' लिहिलं तर दूध-दही डोळ्यांपुढे येतं, म्हणजे जुलाबात नेमकं उलटं. मराठीत यासाठी पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द आहे: पथ्याचं जेवण. फक्त खाली डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा जो 'विशेष आहार' आहे त्याला मी पथ्य म्हटलं नाही, तो शब्द इथेच राखून ठेवला.

बाहेरचं अन्न आणायला मनाई, वाढदिवसाला घरी केलेला केक चालत नाही, फक्त घटकांची चिठ्ठी असलेला बेकरीतला चालतो, हे नियम सरळ उतरले.

काय केलं: मुलाला घरी नेणं, आणि झालेली चूक

नियम असा होता: मूल फक्त आईवडिलांच्या किंवा 'लेखी देलेगा' दिलेल्या सज्ञान व्यक्तीच्या हाती दिलं जाईल. मी लिहिलं, 'पालकांनी लेखी परवानगी दिलेली, 18 वर्षांवरील व्यक्ती'. वाक्य मराठीत छान वाचलं जात होतं. जेवणाच्या फॉर्मसारखं ते आईकडून भरून घेऊन बघावं हे मला सुचलं नाही, कारण त्यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस वडील कामात अडकले आणि आई तापाने झोपून होती. वडिलांनी त्याच इमारतीत राहणाऱ्या मित्राला पाठवलं आणि आईने त्याच्या मोबाइलवर मराठीत व इंग्रजीत संदेश लिहून दिला, नाव आणि तारखेसकट. निदोतल्या बाईंनी मूल दिलं नाही. घरी नेण्याची वेळ साडेचारला संपली, वडील पाच वाजून दहा मिनिटांनी धावत पोहोचले. तोवर मूल एका शिक्षिकेच्या मांडीवर, दप्तर पाठीला लावून, दाराकडे बघत बसलेलं. वडिलांना उशिराच्या वहीत सही करावी लागली.

रात्री आईचा फोन आला. 'ताई, लेखी परवानगी असं तुम्हीच लिहिलं होतं ना? मी लिहूनच दिलं होतं.'

तिचं बरोबर होतं. निदोचंही बरोबर होतं. 'देलेगा' म्हणजे नुसती परवानगी नाही. तो एक ठरावीक फॉर्म असतो. दोन्ही पालकांच्या सह्या, नेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि हे सगळं आधीच निदोच्या फाइलमध्ये. नेणाऱ्याने दारात मूळ ओळखपत्र दाखवायचं, त्याचं नाव फाइलमधल्या नावाशी जुळलं तरच मूल मिळतं. माझ्या 'लेखी परवानगी'त यातलं काहीच नव्हतं. फॉर्म सोबत जोडलेला होता, पण नोटिशीतला शब्द आणि फॉर्मचं शीर्षक मी दोन वेगळ्या मराठी शब्दांनी लिहिलं होतं: एकीकडे परवानगी, दुसरीकडे अधिकारपत्र. मूळ इटालियनमध्ये दोन्ही ठिकाणी एकच शब्द होता.

परिणाम

लसींचं काम वेळेत झालं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तक्ता आणि कार्ड जुळवून झालेल्या लसी नोंदवल्या. सोळा महिन्यांचा असताना घेतलेला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस त्यांनी धरला. गालगुंडाची वेगळी लस इटलीत मिळत नाही, म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस आणि कांजिण्यांची लस यांच्यासाठी जुलैअखेरची वेळ दिली. एका रोगावर आधीच लस झालेली असताना ती पुन्हा मिळाली तर अपाय नसतो, हे त्यांनी आईला समजावलं, मी फक्त मराठीत सांगितलं. भेटीच्या वेळेचा कागद 6 जुलैला निदोत दिला. जागा राहिली. साताऱ्याची तिकिटं काढावी लागली नाहीत.

घरी नेण्याच्या नियमाची मराठी दुसऱ्याच दिवशी बदलली. आता ती अशी आहे: 'आईवडिलांशिवाय दुसऱ्या कोणी मुलाला न्यायचं असेल तर त्या व्यक्तीचं अधिकारपत्र (सोबतचा फॉर्म, दोन्ही पालकांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत) आधीच निदोत जमा केलेलं असावं. मोबाइलवरचा संदेश, फोन किंवा चिठ्ठी चालत नाही.' शेवटचं वाक्य मूळ नोटिशीत नव्हतं. समन्वयक बाईंनी ते वाचून इटालियन नोटिशीतही घातलं, कारण संदेश दाखवणारे पालक सगळ्याच भाषांचे येतात, असं त्या म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणी मी फक्त जेवणाच्या फॉर्मची घेतली, जिथे मला स्वत:लाच गोंधळ दिसत होता. घरी नेण्याच्या नियमासाठी एकच प्रश्न पुरला असता: 'उद्या तुम्ही दोघंही येऊ शकला नाहीत तर काय कराल?' आईने 'संदेश पाठवीन' म्हटलं असतं आणि चूक जूनमध्येच सापडली असती. आता नोटिशीतल्या प्रत्येक नियमासाठी मी असा एक प्रसंग विचारते, आणि उत्तर 'हो, कळलं' असं आलं तर ते धरत नाही.

दुसरं, शब्दांची जोडयादी. नोटीस आणि फॉर्म वेगवेगळ्या दिवशी केले, म्हणून एकाच शब्दाचे दोन मराठी शब्द झाले. दोन पानांच्या कामाला कोण यादी करतं असं वाटतं, पण पालकाच्या हातात ही कागदं एकत्र पडतात.

आणि पार्मिजानो. पुढच्या जूनला यादीतल्या दुसऱ्या कुटुंबाला जागा मिळाली. त्यांची आई जैन. तिला मी विचारायच्या आतच तिने विचारलं, 'चीजमध्ये काय असतं?' त्या दिवशी समन्वयक बाईंशी बोलून जेवणाच्या फॉर्मवर 'किसलेलं चीज नको' अशी पाचवी चौकट छापून घेतली.